तारखेआधीचा शब्द

भामरागड तालुक्यात मी सव्वीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हेमलकशातच राहिले. इथे १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हापासून या जंगलातल्या वस्तीला देशोदेशीचे पाहुणे येतात. जाताना ते कुणाकुणाला खाऊ देऊन जातात. शिवाय आता इथल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांची मुलं-भाचरं पुण्यामार्गे टोरांटोला, दुबईला, म्युनिकला पोचली आहेत. त्यांच्या बॅगांतून डबे, बरण्या, पाकिटं येतात. त्यावरचं बारीक छापील वाचायला लोक माझ्याकडे येतात. "बाई, याची तारीख गेली का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचं उत्तर नीट देता यावं म्हणून मला बरंच शिकावं लागलं. काही गोष्टी चुकून शिकले. त्या चुकाही इथे सांगते.

१. आधी शब्द वाचा, मग तारीख

एका जुलैत पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेला होता. आलापल्लीकडून माल येणं थांबलं होतं. माझ्याकडे भाच्याने आणलेल्या ओट्सच्या चार पिशव्या होत्या. त्यांवरची तारीख दोन आठवड्यांपूर्वी उलटली होती. मी चारही पिशव्या उकिरड्यावर ओतल्या. शेजारची मुलगी बघत उभी होती. तिने विचारलं, "बाई, कीड लागली?" कीड नव्हती, वास नव्हता, ओट्स कोरडे खडखडीत होते. तारीख गेली म्हणजे माल विषारी झाला, एवढंच मला ठाऊक होतं. तारखेच्या अलीकडे 'बेस्ट बिफोर' असे दोन शब्द छापले होते, ते मी वाचलेच नव्हते.

हे दोन शब्द दर्जाबद्दल बोलतात. पाकीट बंद असेल आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलं असेल, तर या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, रंग, वास उत्तम राहील, असं उत्पादक सांगतो. त्यानंतर पदार्थ हळूहळू उतरत जातो, एका रात्रीत बिघडत नाही. 'यूज बाय' हे शब्द मात्र सुरक्षिततेबद्दल बोलतात. युरोपीय संघाच्या कायद्यात 'यूज बाय'ची तारीख उलटलेलं अन्न असुरक्षितच मानलं जातं, मग ते दिसायला कितीही चांगलं असो. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय'ची तारीख छापणं सक्तीचं आहे. 'बेस्ट बिफोर' जोडीला छापता येतं. एक्स्पायरीनंतर तो माल विकता येत नाही. 'बेस्ट बिफोर'च्या व्याख्येत मात्र साफ म्हटलं आहे, की त्या तारखेनंतरही पदार्थ खायला पूर्ण सुरक्षित असू शकतो, फक्त दर्जा उतरलेला असेल.

मराठीत आपण या दोन्हींना 'एक्स्पायरी' म्हणतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. जर्मनीहून आलेल्या पाकिटांवर 'मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस' असं असतं. एका पाहुण्या बाईंनी मला त्याचा शब्दशः अर्थ सांगितला: 'निदान या दिवसापर्यंत टिकेल'. मला तो फार आवडला. 'निदान' या एका शब्दात सगळं आलं. तेव्हापासून 'बेस्ट बिफोर'चं मराठी मी 'निदान अमुक तारखेपर्यंत उत्तम' असं करते आणि 'यूज बाय'चं 'अमुक तारखेनंतर खाऊ नका'. पहिल्या वाक्यात निषेध नाही, दुसऱ्यात आहे. ऐकणाऱ्याला फरक तिथेच कळतो.

एक सापळा इथेच सांगते. अमेरिकेच्या पाकिटांवर 'बेस्ट इफ यूज्ड बाय' असं असतं. घाईत वाचलं तर त्यातलं 'यूज्ड बाय' तेवढं डोळ्यात भरतं आणि माणूस घाबरतो. पण वाक्य 'बेस्ट'ने सुरू होतं, म्हणजे गोष्ट दर्जाचीच आहे. आणखी एक गोष्ट: अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने तारखेची सक्ती आहे ती तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीवर. बाकी बहुतेक पदार्थांवर उत्पादक आपल्या मर्जीने तारीख छापतो. म्हणून तिथल्या बिस्किटांवर नुसतं 'यूज बाय' दिसलं, तरी त्याचं वजन युरोपातल्या मांसाच्या पाकिटावरच्या 'यूज बाय'इतकं नसतं. शब्द वाचताना कोणत्या देशाचा माल आहे हेही बघावं लागतं.

२. पहिले दोन्ही आकडे बारा किंवा त्याहून लहान असतील, तर थांबा

ही गोष्ट एप्रिल २०२५ ची. शेजारच्या ताईंकडे डिसेंबरात कुणी पाहुण्यांनी अमेरिकेहून आणलेल्या बदामी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यांनी तो पावसाळ्यासाठी जपला होता. रस्ता बंद झाला की मुलांना गोड काही मिळत नाही, म्हणून. तारखेची त्यांना खात्री होती: दोन ऑक्टोबर, गांधी जयंती, लक्षात राहणारी. डब्याच्या तळाशी हे छापलेलं होतं:

```
BEST IF USED BY 02/10/25
LOT 4041
```

आपण दिवस आधी लिहितो आणि मग महिना. अमेरिकेत महिना आधी, मग दिवस. आपल्या वाचनाने ही तारीख २ ऑक्टोबर २०२५, तिकडच्या वाचनाने १० फेब्रुवारी २०२५. मध्ये जवळजवळ आठ महिन्यांचं अंतर. एखादा आकडा बारापेक्षा मोठा असता, तर प्रश्नच नव्हता: `02/25/25` मध्ये पंचवीस हा महिना असू शकत नाही. पण इथे दोन्ही आकडे महिना म्हणून चालण्यासारखे होते.

अशा वेळी मी डबा फिरवून तीन गोष्टी शोधते. पहिली, 'प्रॉडक्ट ऑफ' किंवा 'मेड इन' पुढचा देश. इथे अमेरिका होता, म्हणजे महिना आधी असण्याची शक्यता मोठी. दुसरी, कुठेतरी अक्षरांत छापलेला महिना. तो या डब्यावर नव्हता. तिसरी, बॅच किंवा लॉट नंबर, आणि तोच उपयोगी पडला.

बरेच कारखाने लॉट नंबरात उत्पादनाचा दिवस दडवतात. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन आकडे म्हणजे वर्षाचा कितवा दिवस. 4041 मधला 4 म्हणजे २०२४ आणि 041 म्हणजे त्या वर्षाचा एक्केचाळिसावा दिवस. जानेवारीचे एकतीस वजा केले की दहा उरतात: १० फेब्रुवारी २०२४. आता दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या. बिस्किटं १० फेब्रुवारी २०२४ ला बनली आणि तारीख १० फेब्रुवारी २०२५ ची असेल, तर आयुष्य नेमकं एक वर्षाचं. बदामी बिस्किटांना ते शोभतं. २ ऑक्टोबर २०२५ धरली, तर आयुष्य एकोणीस महिने बावीस दिवसांचं. असा ओबडधोबड कालावधी कुणी ठरवत नाही. म्हणजे तारीख फेब्रुवारीचीच, आणि ती दोन महिन्यांपूर्वी होऊन गेली होती.

ताईंचा चेहरा उतरला. पण शब्द 'बेस्ट'चा होता. डबा तिथेच उघडला. बिस्किटं थोडी मऊ पडली होती, पण बदामाला खवट वास नव्हता, जिभेवर कडवटपणा नव्हता. आठवड्याभरात शाळेतल्या मुलांनी ती संपवली. तोच डबा मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली राहिला असता आणि ऑगस्टात उघडला असता, तर बदामातलं तेल नक्की खवट झालं असतं. तारीख बरोबर वाचल्यामुळे तो फेकावाही लागला नाही आणि वायाही गेला नाही.

लॉट नंबरची ही युक्ती दुजोरा म्हणून वापरा, एकमेव आधार म्हणून नको. प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी. काही जण वर्ष शेवटी लिहितात, काही जण यंत्राचा आणि पाळीचा आकडाही त्यातच घुसवतात. युरोपच्या मालावर आकड्याआधी बहुधा `L` असतं, त्यावरून एवढंच कळतं की हा लॉट आहे. उत्तर दुसऱ्या एखाद्या खुणेशी जुळलं तरच मानायचं.

३. कॅनडाचा मे आणि थायलंडचं साल

कॅनडात लेबल इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत असतं. दोन्हींत चालावीत म्हणून महिन्यांची दोन अक्षरी नावं ठरवली आहेत, आणि क्रम वर्ष, महिना, दिवस असा. भाच्याने आणलेल्या मेपल क्रीमच्या बिस्किटांवर होतं `25 MA 08`. मी ते पंचवीस मार्च वाचलं. त्या पद्धतीत मात्र `MA` म्हणजे मे आणि मार्चला `MR`. म्हणजे तारीख ८ मे २०२५. आणखी दोन जोड्या लक्षात ठेवल्या की बाकीचे आपोआप कळतात: `JN` जून, `JL` जुलै, `AL` एप्रिल, `AU` ऑगस्ट.

थायलंडच्या मालावर बुद्ध संवत असतं, ते आपल्या सालापेक्षा ५४३ वर्षांनी पुढे. २५६८ दिसलं म्हणजे २०२५. तेच '68' एवढंच छापलं तर गोंधळ वाढतो. चीनच्या पाकिटांवर बऱ्याचदा एकच तारीख छापलेली असते आणि ती उत्पादनाची असते. किती महिने टिकेल हे वेगळ्या ओळीत. दुकानदार ती एकच तारीख बघून 'संपलं' म्हणून माल बाजूला टाकतात. म्हणून कोणत्याही पाकिटावर एकच तारीख असेल, तर ती जन्माची की शेवटाची, हा पहिला प्रश्न.

'बेस्ट बिफोर एंड' असं छापून पुढे फक्त महिना असेल, तर तो महिना संपेपर्यंत. एक तारखेला फेकायची घाई नको.

४. नाक 'बेस्ट बिफोर'साठी आहे, 'यूज बाय'साठी नाही

आपल्या घरात शिळ्या भाजीचा वास घेऊन ठरवण्याची रीत आहे. डाळी, बिस्किटं, मसाले, चहा, तेल यांना ती चालते. तेलाचा खवटपणा, पिठातला कुबट वास, बुरशीचा रंग हे सगळं नाकाला आणि डोळ्यांना कळतं. पण थंड ठेवायच्या तयार मांसावर, मऊ चीजवर, धुराच्या माशावर जे जंतू वाढतात, त्यांतले काही वास देत नाहीत, रंगही बदलत नाहीत. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो. म्हणूनच त्या पदार्थांवर 'यूज बाय' छापतात. तिथे आजीचं नाकही हरतं.

एकदा एका पाहुण्यांनी प्रेमाने युरोपातलं कापलेलं मांस आणि चीज आणलं. तारखेला अजून बारा दिवस होते. त्यांनी ते विमानातून आणलं, रेल्वेने बल्लारशापर्यंत, पुढे जीपने आलापल्लीमार्गे हेमलकशापर्यंत. बर्फाच्या पिशवीतलं पाणी कधीच कोमट झालं होतं. ते म्हणाले, "तारीख आहे की अजून." मी पाकीट उलटं करून दाखवलं. तारखेच्या खालीच लिहिलं होतं: शून्य ते चार अंश तापमानात ठेवा. ती तारीख त्या थंडीसाठी दिलेली होती. थंडी संपली तेव्हाच तारीखही संपली. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण ते कुणाच्याही ताटात वाढू दिलं नाही.

५. तारीख कारखान्याच्या गोदामाची, उन्हाळा आपला

'थंड, कोरड्या जागी ठेवा' हे वाक्य लेबलावर एवढ्या बारीक अक्षरांत असतं की कुणी वाचत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर त्याहून जास्त. उत्पादकाने तारीख काढताना असलं घर डोळ्यासमोर ठेवलेलं नसतं. म्हणून मी तेलकट पदार्थांना, म्हणजे बदाम, शेंगदाण्याचं लोणी, चॉकलेट, दूध पावडर यांना, उन्हाळ्यात तारखेची पूर्ण मुदत देत नाही. मार्च संपायच्या आत ते वापरून टाकावेत. तांदूळ, डाळ, साखर, मीठ यांना उन्हाचं एवढं भय नाही, त्यांचा शत्रू पावसाळ्याची दमट हवा.

चॉकलेटवर पांढुरका थर आला की लोक बुरशी समजून फेकतात. उष्णतेने त्यातलं कोको बटर वितळतं, पृष्ठभागावर येतं आणि थंड झाल्यावर तिथेच गोठतं. बोटाने चोळलं तर तो थर विरघळतो. बुरशी कापसासारखी उभी राहते आणि तिला कुबट वास असतो. पांढुरकं चॉकलेट चवीला रवाळ लागेल, पण खाता येतं. उलट दूध पावडरीत दगडासारखे गोळे झाले आणि रंग पिवळट झाला, तर तारीख सहा महिने पुढची असली तरी मी ती वापरू देत नाही. डब्यात ओलावा शिरला आहे.

डबाबंद भाज्या आणि मासे यांत तारखेच्याही आधी डब्याचा आकार बघा. टोकं फुगली असतील, दाबल्यावर 'टक' असा आवाज करून परत वर येत असतील, शिवणीवर खोल खोच असेल, तर न उघडता, न चाखता टाकून द्या. फुगलेल्या डब्यात बोट्युलिझमचं विष असू शकतं, ते चवीवरून कळत नाही.

आणखी एक. तारीख बंद पाकिटाची असते. बरणी उघडली की दुसरं वाक्य लागू होतं: 'उघडल्यावर तीन दिवसांत वापरा' किंवा असंच काही. उघडल्याचा दिवस झाकणावर लिहिला नाही, तर त्या वाक्याचा उपयोग शून्य. माझ्या कपाटात म्हणून पेन दोरीने बांधलेलं आहे.

६. बॅच नंबर लहान समजू नका

तारीख सांगते पदार्थ किती जुना झाला. बॅच नंबर सांगतो तो कुठल्या घाण्यातून निघाला. पदार्थ ताजा असूनही घाणा बिघडलेला असू शकतो, आणि तेव्हा तारीख काहीच सांगत नाही.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण तान्ह्या मुलांच्या पावडरीचं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या स्टर्जिस गावच्या ॲबट कंपनीच्या कारखान्यातली सिमिलॅक, ॲलिमेंटम आणि एलिकेअर या नावांची काही पावडर बाजारातून परत बोलावली गेली. क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूच्या संसर्गाच्या तक्रारी होत्या. कुठले डबे परत करायचे, हे कंपनीने तीन अटींत सांगितलं होतं. डब्यावरच्या कोडचे पहिले दोन आकडे 22 ते 37 मधले असावेत. त्याच कोडमध्ये `K8`, `SH` किंवा `Z2` यांपैकी काही असावं. आणि वापराची मुदत १ एप्रिल २०२२ किंवा त्यानंतरची असावी. तिन्ही अटी जुळल्या तर डबा परत. त्यानंतर काही दिवसांनी आणखी एक प्रकार यादीत जोडला गेला.

तिसरी अट पुन्हा वाचा. परत बोलावलेले डबे मुदतीच्या आतलेच होते. तारीख बघून कुणीही 'ताजा आहे' म्हटलं असतं. धोका फक्त त्या छोट्या कोडमध्ये लिहिलेला होता. म्हणून डबा फेकताना किंवा दुसऱ्या बरणीत ओतताना मी बॅच नंबर कापून बरणीत ठेवते. पावडर ओतून घेतली आणि डबा भंगारात गेला, तर परत बोलावण्याची बातमी आली तरी आपल्याकडची पावडर त्यातलीच का, हे कळायला मार्ग राहत नाही.

बाळाच्या पावडरीबद्दल इथल्या लोकांसाठी आणखी एक सांगायलाच हवं. परदेशातून आलेली पाहुणी जोडपी आपल्या बाळासाठी आणलेला उरलेला डबा प्रेमाने इथल्या एखाद्या बाळंतिणीला देऊ बघतात. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकलं जाणारं दूध असं दान करायला मनाई आहे, फक्त अनाथालयाचा अपवाद आहे. तो डबा घेऊ नका. उघडलेला डबा तर मुळीच नको: नीट न उकळलेलं पाणी, अर्धवट धुतलेली बाटली आणि अनोळखी भाषेतलं मोजमाप, यांत बाळाचं पोट बिघडायला वेळ लागत नाही. बाळाला काय द्यायचं हे डॉक्टरांना विचारा.

जाता जाता बारकोडविषयी. त्यावर तारीख नसते. सुरुवातीचे तीन आकडे 890 असले म्हणजे माल भारतात बनला, असंही नाही. तो क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ. बारकोड बघून ताजेपणा कळतो असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

७. चिकटपट्टीखालचं छापील वाचा

चंद्रपूर-नागपूरच्या मोठ्या दुकानांत आता विदेशी माल मिळतो. त्यावर आयात करणाऱ्याची पांढरी चिकटपट्टी असते. तिच्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं बोधचिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारीचं चिन्ह असतं. या गोष्टी बंदरावरच्या गोदामात चिकटवायला परवानगी आहे. मूळ तारीख आणि बॅच मात्र कारखान्यातच छापलेली असायला हवी. चिकटपट्टी तिच्यावर डकवलेली दिसली किंवा तिच्यावरची तारीख मूळ छापील तारखेशी जुळत नसेल, तर पाकीट फळीवर परत ठेवा. मी एका दुकानात असं पाकीट परत ठेवलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, स्टिकरवर आहे ना डेट." स्टिकर कुणाचं आणि डेट कुणाची, हाच तर प्रश्न होता.

माल देशात येताना किती मुदत शिल्लक हवी याचाही नियम आहे: एकूण मुदतीच्या साठ टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल ते. दीड वर्ष टिकणाऱ्या सॉसचे साठ टक्के म्हणजे जवळजवळ अकरा महिने, पण तीन महिने त्याहून कमी, म्हणून तीन महिने शिल्लक असले तरी तो कायद्याने बंदर ओलांडतो. पुढे बंदरापासून गोदाम, घाऊक, दुकान. 'एकावर एक फ्री' लावलेल्या विदेशी मालाचं कारण बहुधा इथेच सापडतं. आठवड्यात खायचा असेल तर तो सौदा चांगला आहे.

पण आम्ही पावसाळ्याची भरणी करतो. मेअखेरीस भरलेलं सामान ऑक्टोबरपर्यंत पुरायला लागतं. त्यामुळे मी भरणीसाठी घेताना दुकानात उभी राहून एकच गणित करते: तारीख निदान नोव्हेंबरची आहे का? नसेल तर स्वस्त असला तरी तो माल घेत नाही.

८. चिठ्ठी मराठीत लिहा

शेवटी हे सगळं मी चिठ्ठीवर आणून ठेवलं. कोणतंही विदेशी पाकीट घरात आलं की पांढरा कागद कापून त्यावर तीन ओळी लिहिते आणि पारदर्शक चिकटपट्टीने पाकिटावर डकवते. पहिल्या ओळीत शब्द: 'निदान ... पर्यंत उत्तम' किंवा '... नंतर खाऊ नका'. दुसऱ्या ओळीत तारीख, महिना अक्षरांत: १० फेब्रुवारी २०२५. तिसऱ्या ओळीत बॅच नंबर, जसा छापला आहे तसाच, इंग्रजी आकड्यांत, कारण परत बोलावण्याच्या यादीत तो तसाच येतो. त्या बदामी डब्यानंतर शेजारच्या ताईंनीही ही रीत उचलली. आता त्यांची मुलगी, जिने एकेकाळी माझे ओट्स उकिरड्यावर जाताना बघितले होते, ती चिठ्ठ्या लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा मोठं आणि सुटसुटीत आहे.

हेमलकशाला येताना परदेशातून काही आणत असाल, तर एक विनंती आहे. पाकीट देण्याआधी त्यावरची तारीख तुमच्या हाताने, महिना मराठी अक्षरांत, पाकिटावर लिहा, आणि ती 'उत्तम'ची की 'खाऊ नका'ची, हेही लिहा. तुम्हाला त्या देशाची रीत ठाऊक असते, आम्हाला नसते.